केक चारशेला की चारशे तीसला? छोट्या बेकरीचा ब्रेक-इव्हन काढायची पद्धत

नवी बेकरी टाकणारे बहुतेक जण भाव ठरवायला शेजारच्या दुकानाच्या काचेवरचा बोर्ड बघतात. तो अर्धा किलो केक चारशेला देतो ना, मग आपण तीनशे ऐंशीला देऊ. शेजाऱ्याचा गाळा कदाचित घरचा असेल, सख्खा भाऊच कारागीर असेल, ओव्हनचे हप्ते कधीच फिटलेले असतील. तुमचं भाडं त्याच्या भावात कुठेच बसवलेलं नसतं. त्यामुळे बोर्ड जरूर बघा, पण आपला हिशेब मांडून झाल्यावर.

हा हिशेब कोपरखैरण्यातली एक बेकरी डोळ्यासमोर ठेवून करू. रो-हाउसच्या तळमजल्यावरचा भाड्याचा गाळा, एक इलेक्ट्रिक ओव्हन, एक कारागीर, काउंटरवर एक मुलगी, आणि दिवसभर राबणारी मालकीण. माल तीनच प्रकारचा धरू: भट्टीवरून आणून विकलेली पावाची लादी, स्वतः भाजलेली नानखटाई आणि अर्धा किलोचा एगलेस अननस केक. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. भाव सतत हलतात, तेव्हा तुमच्या बिलांवरचे आकडे त्या जागी घाला. पद्धत तीच राहते.

खर्चाचे दोन ढीग करा

महिन्याची सगळी बिलं समोर घ्या आणि प्रत्येक बिलाला एकच प्रश्न विचारा: उद्या एकही केक विकला गेला नाही, तर हे पैसे द्यावे लागतील का? द्यावे लागणार असतील तर तो स्थिर खर्च. केक केला तरच लागणार असतील तर बदलता खर्च.

आपल्या बेकरीचा स्थिर खर्च असा: भाडं २८,०००, कारागिराचा पगार २२,०००, काउंटरवरच्या मुलीचा १४,०००, ओव्हनचा हप्ता ७,५००, फ्रीज-दिवे-पंख्याची वीज ६,०००, आणि फोन, साफसफाई, परवाने वगैरे मिळून २,५००. बेरीज ८०,००० होते. बहुतेक जण इथेच थांबतात आणि हिशेब इथेच फसतो. मालकीण सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दुकानात असते. ती नसती तर त्या जागी कोणाला तरी पगार द्यावाच लागला असता. तिचे २५,००० धरले की स्थिर खर्च १,०५,००० होतो. यापुढे आपण हाच आकडा वापरणार आहोत. स्वतःचा पगार न धरता जो नफा दिसतो, तो अर्धा घरच्यांच्या फुकट कष्टांचा असतो.

काही बिलं दोन्ही ढिगांत पडतात. वीज त्यातलीच. महावितरणच्या बिलावर ‘स्थिर आकार’ वेगळा छापलेला असतो, तो वापर कितीही असला तरी लागतो. फ्रीजही केक विकला जावो न जावो, चालूच राहतो. ओव्हनची वीज मात्र भाजाल तेवढीच लागते. ती काढायला मीटरसमोर उभं राहण्याची गरज नाही. ओव्हन ३ किलोवॉटचा असेल आणि तापण्याचा वेळ धरून एका घाण्याला तासभर लागत असेल, तर जास्तीत जास्त ३ युनिट गेले. सगळं धरून युनिट १२ रुपयांना पडत असेल तर घाण्याचे ३६ रुपये, आणि घाण्यात सहा केक बसत असतील तर केकमागे ६ रुपये. थर्मोस्टॅट मध्येच बंद-चालू होत असल्याने प्रत्यक्षात थोडे कमीच लागतील, पण हिशेबाला एवढं पुरे.

कारागिराचंही तसंच. महिन्याच्या पगारावर असेल तर स्थिर, नगावर काम करत असेल तर तेच पैसे बदलत्या खर्चात जातात.

एक केक सोडवून पाहा

आता ओट्यावर एकच केक घ्या आणि त्यात काय काय गेलं ते वजनकाट्यावर मोजा. अंदाजाने नाही. १५० ग्रॅम प्रीमिक्स, किलोला १६० रुपयांनी २४ रुपये. तेल ६ रुपये. व्हिप क्रीम २०० ग्रॅम, किलोच्या पाकिटाला २२० रुपयांनी ४४ रुपये. अननसाचे तुकडे, साखरेचा पाक, वरची जेल मिळून २६. इथवर १०० रुपये झाले. त्यावर खालचा पुठ्ठा १०, खोका १८, प्लास्टिकची सुरी आणि मेणबत्ती ६. ओव्हनची वीज ६. एकूण १४०.

पॅकिंगचे ३४ रुपये बघून नवखा माणूस दचकतो. क्रीमच्या खालोखाल सगळ्यात जास्त पैसे खोक्यात आणि पुठ्ठ्यात जातात, आणि तेच लिहायचे राहून जातात.

आता नासाडी. शोकेसमध्ये ठेवलेला प्रत्येक केक विकला जात नाही. दोन-तीन दिवसांत क्रीमची कडा पिवळट पडते, आयसिंगला बारीक भेगा जातात, मग तो घरी खावा लागतो किंवा टाकावा लागतो. आपल्या बेकरीत आठ केक केले की सात विकले जातात असं धरू. आठव्याचे १४० रुपये त्या सातांवर चढले, म्हणजे प्रत्येकी २०. म्हणून विकलेल्या केकचा खरा बदलता खर्च १६० रुपये. ऑर्डर घेऊनच केक करणाऱ्यांकडे हा २० रुपयांचा बोजा जवळजवळ नसतो. घरून केक करणारी बाई दुकानापेक्षा स्वस्त का देऊ शकते, याचं एक कारण हे आहे. दुसरं अर्थातच भाडं.

काट्यावर मोजलेलं प्रमाण कारागिराच्या हातात तसंच राहतं का, हे महिन्याच्या शेवटी पाकिटं मोजून कळतं. महिन्यात २७० केक विकले म्हणजे नासाडी धरून साधारण ३०९ केले. प्रत्येकी २०० ग्रॅमने सुमारे ६२ किलो क्रीम लागायला हवं. रिकामी पाकिटं ७५ निघाली तर केकमागे २४० ग्रॅमच्या वर क्रीम जातंय. वरच्या तेरा पाकिटांचे २,८६० रुपये झाले. कोणी चोरी केलेली नसते. पायपिंग बॅग भरून घेतली की उरलेलं क्रीम फुलांवर संपवायचा मोह होतो, एवढंच.

एका नगामागे गल्ल्यात किती उरतं

केकचा भाव ४००, बदलता खर्च १६०. उरले २४०. या उरलेल्या रकमेला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात, पाठ्यपुस्तकात अंशदान. हा नफा नव्हे. भाडं, पगार, हप्ता हे सगळं याच २४० रुपयांतून भागवायचं असतं, आणि ते भागल्यावर जे उरेल तो नफा.

नानखटाईचा पाव किलोचा पुडा ११० ला विकतो, त्यात मैदा, बेसन, साखर, तूप, पुडा आणि वीज मिळून ५० जातात. उरले ६०. पावाची लादी २० ला आणून २५ ला विकतो. उरले ५.

लादीत ५ रुपये म्हणजे काहीच नाही, मग ठेवावी कशाला? ठेवावी. सकाळी पाव न्यायला आलेलं गिऱ्हाईकच नानखटाईचा पुडा उचलतं, आणि मुलाच्या वाढदिवसाला केक कुठे सांगायचा हे त्याला तेव्हाच आठवतं. पण मागवताना हात आखडता ठेवा. भट्टीवाला उरलेले पाव परत घेत नसेल आणि दोन लाद्या उरल्या, तर ४० रुपये गेले. म्हणजे विकलेल्या आठ लाद्यांची कमाई त्या दोन लाद्यांनी खाल्ली.

एक गोष्ट इथेच सांगतो. नोंदणी केली असेल तर जीएसटी आधी बाजूला काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून केकवर ५ टक्के कर आहे. चारशे ही करासकट किंमत असेल तर तुमच्या हाती सुमारे ३८१ येतात, आणि हिशेब ३८१ वरून सुरू करायचा. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, ते वेगळं मांडा. फक्त माल विकणाऱ्या दुकानाला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही, म्हणून आपल्या उदाहरणात कर धरलेला नाही.

ब्रेक-इव्हन काढा, पण मालाच्या मिश्रणासकट

दुकान फक्त केक विकत असतं तर काम सोपं होतं. १,०५,००० भागिले २४० म्हणजे ४३८ केक, दिवसाला सुमारे १५. तेवढे विकले की ना नफा ना तोटा.

पण आपण तीन वस्तू विकतो. म्हणून आधी आज प्रत्यक्ष किती विकतो ते मांडू. रोज ४० लाद्या, म्हणजे महिन्याला १,२००, त्यातून ६,००० रुपये. रोज १५ पुडे नानखटाई, महिन्याला ४५०, त्यातून २७,०००. रोज ९ केक, महिन्याला २७०, त्यातून ६४,८००. एकूण ९७,८००.

खर्च आहे १,०५,०००. म्हणजे ७,२०० कमी पडतात. मालकिणीचा पगार न धरता पाहिलं असतं तर हेच दुकान १७,८०० रुपये फायद्यात दिसलं असतं, आणि ‘धंदा बरा चाललाय’ म्हणून भावाकडे कोणी पाहिलंही नसतं.

हे गल्ल्याच्या भाषेतही मांडता येतं. महिन्याची विक्री १,८७,५०० रुपये, त्यातले ९७,८०० उरतात. म्हणजे विक्रीच्या दर शंभर रुपयांमागे ५२ रुपये आणि काही पैसे. त्या प्रमाणात १,०५,००० उरायला महिन्याला सुमारे २,०१,३०० ची विक्री हवी, दिवसाला ६,७१०. आज रोज ६,२५० होते. रात्री गल्ला मोजताना हा एक आकडा डोक्यात असला की बास.

पण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. दिवसाला ४६० रुपये कमी पडतात, ते कशातून आले यावर सगळं अवलंबून आहे. महिन्याचे ७,२०० रुपये फक्त केकमधून भरून काढायचे तर ३० केक पुरतात, रोज एक जास्त. फक्त पावातून भरायचे म्हटलं तर १,४४० लाद्या, रोज ४८ जास्त, म्हणजे आजच्या दुपटीहून अधिक. गल्ला फुगला आणि हातात काही उरलं नाही अशी तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, पाव किती वाढला?

भाव वाढवला तर किती गिऱ्हाईकं गेलेली चालतील

केक ४३० केला तर खर्च तोच १६० राहतो आणि उरतात २७०. आज केकमधून येणारे ६४,८०० रुपये आता २४० केकमध्येच येतात. म्हणजे २७० पैकी ३० केक कमी विकले गेले तरी आपण आहोत तिथेच. याचं सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: वाढवलेली रक्कम भागिले नवं कॉन्ट्रिब्युशन. ३० भागिले २७०, म्हणजे नवातलं एक गिऱ्हाईक. नवातलं एक गेलं तरी नुकसान नाही. त्याहून जास्त गेली तर भाववाढ अंगाशी आली.

मात्र आपल्याला आहे तिथे राहायचं नाही, तूट भरायची आहे. ब्रेक-इव्हन गाठायला केकमधून ७२,००० हवेत. २७० रुपयांनी ते २६७ केकमध्ये येतात. म्हणजे नुसत्या भाववाढीवर पार पडायचं तर महिन्यात तीनच गिऱ्हाईकं गमावण्याची मुभा आहे. तीस आणि तीन या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेही थांबलात तर परिस्थिती आजच्यापेक्षा बरी, पण तूट पूर्ण भरलेली नाही.

आता उलटं करून पाहू. ‘उद्घाटनानिमित्त १० टक्के सूट’ असा फलक लावायची सगळ्यांना हौस असते. केक ३६० ला दिला तर उरतात २००. भाव दहा टक्के उतरला, पण उरणारी रक्कम सहाव्या हिश्श्याने घटली. आजचे ६४,८०० मिळवायलाच ३२४ केक विकावे लागतील, वीस टक्के जास्त. ब्रेक-इव्हनसाठी ३६०, म्हणजे रोज बारा. सूट दिल्याने रोज तीन केक जास्त जातील का, हा खरा प्रश्न. अर्धा किलो केक माणूस वाढदिवसाला घेतो आणि सूट लागली म्हणून घरातले वाढदिवस वाढत नाहीत. ते तीन केक शेजारच्याच बेकरीकडून यायला हवेत, आणि तोही गप्प बसणार नाही. नानखटाईचं तसं नाही, ती स्वस्त दिसली तर लोक सहज एक पुडा जास्त उचलतात. सूट द्यायचीच असेल तर तिथे देऊन बघा.

ऑनलाइन ऑर्डरचं गणित वेगळं मांडा

डिलिव्हरी अ‍ॅपवर माल चढवला की कमिशन हा नवा बदलता खर्च येतो. टक्का तुमच्या करारात असेल तो घ्या. इथे २५ धरू, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे किमतीच्या साडेएकोणतीस टक्के. ४०० च्या केकवर ११८ गेले, उरले १२२. काउंटरवर जेवढे उरतात त्याच्या जेमतेम निम्मे. अ‍ॅपवर जाहिरात चालवली किंवा सवलतीतला वाटा उचलला तर तेही यातूनच जाणार.

ऑनलाइनही २४० च उरावेत असं ठरवलं तर केक ५६७ ला लावावा लागेल. त्या भावाला घेणारं कोणी सापडायचं नाही. म्हणून लोक मधला भाव लावतात. ४६० लावला तर कमिशन वजा जाता आणि खर्च काढता १६४ उरतात.

हे १६४ चांगले की वाईट? गिऱ्हाईक कोण आहे त्यावर ठरतं. ऐरोलीतून पहिल्यांदाच मागवणारा असेल तर १६४ पूर्ण नवे. पण गेल्या वर्षापर्यंत पायी येऊन केक नेणारे समोरच्या सोसायटीतले काका आता अ‍ॅपवरून मागवत असतील, तर २४० च्या जागी १६४ आले, म्हणजे ७६ गेले. तीन ऑर्डरींपैकी एक नवी आणि दोन सरकलेली असतील तर १६४ मधून १५२ वजा, हातात १२ रुपये. म्हणून निदान तिसरा हिस्सा गिऱ्हाईक नवं हवं. तोच केक ऑनलाइनही ४०० लाच ठेवला असता तर जवळजवळ निम्मी गिऱ्हाईकं नवी लागली असती. अ‍ॅपवर कोण नवं ते नीट कळत नाही, पण ऑनलाइन सुरू केल्यावर काउंटरवरचे केक रोज नवाचे सात झाले तर उत्तर तुमच्या वहीतच आहे.

हे गणित कुठपर्यंत चालतं

स्थिर खर्च कायमचा स्थिर नसतो, त्याला पायऱ्या असतात. रोज नऊ केक एकटा कारागीर नानखटाई सांभाळून सजवतो. बारा-तेराच्या पुढे संध्याकाळी त्याचा हात पुरत नाही, ऑर्डरीला उशीर होतो, नाव चुकीचं लिहिलं जातं. मग दहा हजारांवर अर्धवेळ मदतनीस येतो आणि ते दहा हजार भरून काढायलाच आणखी ४२ केक विकावे लागतात. आधी सांगितलेल्या सूटवाल्या हिशेबात रोजचे बारा केक होते, ते नेमके याच पायरीवर येऊन टेकतात. तिथे केकमागे २०० च उरत असल्याने मदतनिसासाठी ५० लागतील.

दुसरी गोष्ट महिन्यांची. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की अर्धी कोपरखैरणे गावाला जाते, गणपतीत कोकणवाले निघतात. भाडं कुठेच जात नाही. दिवाळीत नानखटाई आणि डिसेंबरात केक जोरात चालतो. ब्रेक-इव्हन डिसेंबरच्या विक्रीवर काढाल तर मेमध्ये कारागिराचा पगार उसना आणावा लागेल. शक्य असेल तर वर्षाची विक्री घेऊन बाराने भागा. वर्ष झालं नसेल तर निदान एक मंदा महिना त्यात असू द्या.

मग या बेकरीने काय करावं

माझ्या मते केक ४३० करावा. पाव आणि नानखटाईला हात लावू नये, कारण पावाचा भाव पाचशे पावलांच्या आतल्या प्रत्येक दुकानाशी ताडून पाहिला जातो आणि नानखटाईवर गिऱ्हाईक थांबतं. भाववाढीबरोबर क्रीमचं वजन २०० ग्रॅमवर आणावं, कारण ७,२०० ची तूट केकमागे २०० ग्रॅम क्रीम धरूनच काढलेली आहे, वर तेरा पाकिटं गेली तर ती २,८६० ने वाढून १०,०६० होते. वजन आटोक्यात आलं तरच वर काढलेले २६७ केक पुरतात.

नवा भाव सोमवारी लावा आणि दर रविवारी रात्री विकलेले केक मोजा. आठवड्याला ६२ च्या आसपास राहिले तर भाव टिकला. ५६ हा खालचा आकडा, म्हणजे रोज आठ. एखादा आठवडा पावसात किंवा सुट्टीत खाली गेला तर घाई करू नका. कोणतंही कारण नसताना सलग तीन-चार आठवडे ५६ च्या खाली राहिलात तर भाव ४१५ वर आणून सगळे भागाकार पुन्हा करा. तेव्हा केकमागे २५५ उरतील.